घर विकलं, टॅक्स किती? १२.५ की २०, हे नवं घर धरूनच ठरवा

जुलै २०२४ च्या बजेटनंतर घर विकणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात एकच गोंधळ आहे, की इंडेक्सेशन, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरायची सोय, गेलं की आहे? कोणी म्हणतं गेलं, आता सरळ १२.५ टक्के भरा. कोणी म्हणतं नाही नाही, जुन्या घरांना अजून २० टक्के इंडेक्सेशनसकट चालतं. दोघंही अर्धे बरोबर आहेत आणि दोघांचंही ऐकून लोक नको तितका टॅक्स भरून बसतात किंवा नको तितके पैसे नव्या घरात अडकवतात. त्यामुळे एकच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊया, म्हणजे आकडे स्वतःच बोलतील.

समजा डोंबिवलीतले एक काका आहेत, रिटायर्ड. ऑगस्ट २००५ मध्ये त्यांनी टू बीएचके घेतला, अ‍ॅग्रीमेंट १४ लाख २० हजारांचं, वर स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन मिळून ८० हजार, म्हणजे घर पडलं १५ लाखाला. स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन खरेदी किमतीत धरायचं असतं, हे बरेच जण विसरतात, नुसता अ‍ॅग्रीमेंटचा आकडा घेतात आणि तिथेच नुकसान करून घेतात. मग २०१४-१५ मध्ये त्यांनी किचन नव्याने केलं, दोन्ही बाथरूम फोडून नवी लाइन टाकली, ३ लाख खर्च, बिलं आहेत. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये फ्लॅट विकला ८२ लाखाला. एजंटला १ टक्का म्हणजे ८२ हजार, सोसायटीची ट्रान्सफर फी आणि बाकी कागदपत्रं काकांच्या वाट्याला १८ हजार. हे एक लाख विक्रीच्या किमतीतून आधी वजा होतात. हातात धरायची विक्री किंमत झाली ८१ लाख.

आता घर २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेलं आहे त्यामुळे हा लाँग टर्म गेन. (चोवीस महिन्यांच्या आत विकलं असतं तर शॉर्ट टर्म, तिथे इंडेक्सेशन नाही आणि सगळा नफा पगारासारखा स्लॅबमध्ये, तो विषय इथे नको.)

पहिलं गणित, नवीन पद्धत. ८१ लाखातून १५ लाख आणि ३ लाख वजा, उरले ६३ लाख, त्यावर १२.५ टक्के म्हणजे ७,८७,५०० रुपये.

दुसरं गणित, जुनी पद्धत. यात खरेदीची किंमत महागाईप्रमाणे फुगवून घेता येते. सरकार दरवर्षी एक आकडा जाहीर करतं, कॉस्ट इन्फ्लेशन इंडेक्स, २००१-०२ ला तो १०० धरलाय. २००५-०६ चा आकडा ११७, २०१४-१५ चा २४० आणि २०२५-२६ चा ३७६. काकांचे १५ लाख गुणिले ३७६ भागिले ११७, म्हणजे ४८,२०,५१३. रिनोव्हेशनचे ३ लाख गुणिले ३७६ भागिले २४०, म्हणजे ४,७०,०००. इथे लक्षात ठेवा, रिनोव्हेशनला २०१४-१५ चाच इंडेक्स लागतो, घर घेतलं त्या वर्षीचा नाही. दोन्ही मिळून ५२,९०,५१३. ८१ लाखातून हे वजा केलं की नफा उरतो २८,०९,४८७ आणि त्यावर २० टक्के म्हणजे ५,६१,८९७ रुपये.

सव्वादोन लाखाचा फरक. (सेस आणि सरचार्ज मी मुद्दाम बाजूला ठेवलाय, नाहीतर आकड्यांचं जंगल होतं. सेस ४ टक्के वर लागतोच आणि एकूण उत्पन्न ५० लाखाच्या वर गेलं तर सरचार्ज पण बघावा लागतो, ते सीएकडून करून घ्या.)

आता कायदा काय म्हणतो ते बघा, कारण सगळी मेख इथेच आहे. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेली जमीन किंवा घर असेल आणि विकणारा भारतात राहणारी व्यक्ती किंवा एचयूएफ म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब असेल, तर टॅक्स नवीन पद्धतीने काढायचा, पण तो जुन्या कायद्याने आला असता त्यापेक्षा जास्त येत असेल तर जास्तीचा भाग सोडून द्यायचा. म्हणजे तुम्हाला "पद्धत निवडा" असा प्रकार नाहीये, दोन्हीकडून टॅक्स काढा, कमी येईल तो भरा. रिटर्न भरताना कॅपिटल गेनच्या शेड्यूलमध्ये दोन्ही गणितं होतात. घर २३ जुलै २०२४ ला किंवा नंतर घेतलं असेल तर हा फायदा नाही, तिथे फक्त १२.५. आणि विकणारा एनआरआय असेल तर घर कितीही जुनं असो, त्यालाही नाही. घर वडील आणि अमेरिकेतल्या मुलाच्या नावावर अर्ध-अर्ध असेल तर वडिलांचा अर्धा भाग दोन्ही गणितात जातो, मुलाचा नुसता १२.५ मध्ये. ही एक गोष्ट अशा घरांत आधीच माहीत असलेली बरी, व्यवहार झाल्यावर कळून उपयोग नसतो.

मग कोणाला काय फायद्याचं? एक अंदाज देतो, घासून बघितलेला. २००५-०६ मध्ये घेतलेलं घर २०२५-२६ मध्ये विकताना किंमत साधारण ६.९ पटीपेक्षा कमी वाढली असेल तर २० टक्केवाली पद्धत स्वस्त, त्याहून जास्त वाढली असेल तर १२.५ वाली. काकांचं घर साडेपाच पटीच्या आत आहे म्हणून त्यांना जुनी परवडली. २०१५-१६ मध्ये घेतलेल्या घराला ही रेषा साधारण २.२८ पटीवर येते. आता तुम्हीच सांगा, गेल्या दहा वर्षांत मुंबई-ठाण्याच्या आसपास किती फ्लॅट सव्वादोन पट झालेत? बऱ्याच जणांचे तर दीड पटही झालेले नाहीत.

आणि अशांसाठीच एक गंमत आहे. समजा कोणी २०१५-१६ मध्ये ५० लाखाला फ्लॅट घेतला आणि आत्ता २०२५-२६ मध्ये ७० लाखाला विकला. नवीन पद्धतीने २० लाख नफा, टॅक्स अडीच लाख. पण इंडेक्स लावला तर ५० लाख गुणिले ३७६ भागिले २५४ म्हणजे ७४ लाखाच्या वर खरेदी किंमत जाते, म्हणजे नफा नाहीच, उलट तोटा. जुन्या पद्धतीने टॅक्स शून्य, कमी तो भरायचा, त्यामुळे एकूण शून्य. याला नवीन घर घ्यायची गरजच नाही, बाँडची पण नाही, काहीच नाही. तरीही लोक "टॅक्स वाचवायला" घाईघाईने दुसरा फ्लॅट बुक करतात, कारण कोणीतरी सांगितलेलं असतं की २० लाख गुंतवायलाच लागतात. फक्त एवढंच की हा जो चार लाखाचा कागदी तोटा दिसतोय तो पुढच्या वर्षी शेअर्सच्या नफ्यातून वगैरे वजा करता येत नाही. तो टॅक्स कमी करण्यापुरताच आहे, तोटा म्हणून त्याला अस्तित्व नाही.

आता मुख्य भाग, नवीन घर घेतलं तर. कलम ५४. राहतं घर (म्हणजे रेसिडेन्शियल, तुम्ही स्वतः राहत होता की भाड्याने दिलं होतं याने फरक पडत नाही) विकून भारतात एक राहतं घर घेतलं तर तेवढ्या नफ्यावर सूट. यात विक्रीची पूर्ण रक्कम गुंतवायची नसते, फक्त नफा गुंतवायचा असतो, ८२ लाख नाही. हा गैरसमज इतका आहे की विचारू नका, आणि त्याचं कारण ५४ एफ नावाचं दुसरं कलम आहे, जे प्लॉट, दुकान, शेअर्स वगैरे विकून घर घेणाऱ्यांसाठी आहे, तिथे पूर्ण रक्कम लागते. घर विकून घर घेताय तर तुमचं कलम ५४ आहे.

पण नफा म्हणजे कोणता, ६३ लाख की २८ लाख? इथे बहुतेक जण अडकतात.

परत कायद्याचं वाक्य बघा. तुलना टॅक्सची आहे, नफ्याची नाही. एकीकडे नवीन पद्धत, तिच्यात तिची सूट वजा करून येणारा टॅक्स. दुसरीकडे बजेटच्या आधीचा जुना कायदा जसाच्या तसा, त्यात इंडेक्स केलेला नफा आणि त्यातून कलम ५४ ची सूट वजा करून येणारा टॅक्स. समजा काकांनी बदलापूरला वन बीएचके घेतला, स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन धरून ३० लाखाचा. नवीन पद्धतीने ६३ वजा ३० म्हणजे ३३ लाखावर टॅक्स, ४,१२,५००. जुन्या पद्धतीने नफाच २८ लाखाच्या थोडा वर, घर ३० लाखाचं, सगळा नफा सुटला, टॅक्स शून्य. दोन्हीतला कमी कोणता? शून्य. म्हणजे काकांना ६३ लाखाचं घर घ्यायची गरज नाही, ३० लाखात काम झालं आणि उरलेले ५० लाख बँकेत, म्हातारपणाला.

याच्याही पुढे जाऊया, कारण १२.५ वाली पद्धत स्वस्त असणाऱ्यांनाही हे लागू होतं आणि हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. समजा दुसऱ्या कोणाचं घर २००५-०६ मध्ये फक्त ५ लाखात घेतलेलं, आणि आता ६० लाखाला विकलं, बारा पट. नवीन पद्धतीने ५५ लाखावर १२.५ टक्के म्हणजे ६,८७,५००. जुन्या पद्धतीने इंडेक्स केलेली किंमत १६,०६,८३८, नफा ४३,९३,१६२, त्यावर २० टक्के ८,७८,६३२. उघड आहे, १२.५ स्वस्त. सगळे इथेच थांबतात आणि ठरवून टाकतात की आपल्याला इंडेक्सेशनचा काही उपयोग नाही. पण हीच व्यक्ती ४५ लाखाचं घर घेणार असेल तर? नवीन पद्धतीने ५५ मधले ४५ सुटले, १० लाख उरले, टॅक्स १,२५,०००. जुन्या पद्धतीने ४३.९३ लाखाचा नफा ४५ लाखाच्या घरात पूर्ण बसला, टॅक्स शून्य. म्हणजे घर घेण्याआधी १२.५ स्वस्त होतं आणि घर घेतल्यावर २० टक्केवाली पद्धत जिंकली. म्हणून तुलना नेहमी सूट वजा केल्यानंतर करायची, आधी नाही. नवीन घराचं बजेट ठरवायच्या आधी इंडेक्स केलेला नफा काढून ठेवा, बहुतेक वेळा तोच तुमचा टार्गेट आकडा असतो.

आता तारखा. काकांचा व्यवहार १५ नोव्हेंबर २०२५ ला झाला असं धरू. तयार घर घ्यायचं तर विक्रीच्या एक वर्ष आधीपासून दोन वर्षं नंतरपर्यंत, म्हणजे १५ नोव्हेंबर २०२४ ते १५ नोव्हेंबर २०२७. बांधून घ्यायचं तर विक्रीपासून तीन वर्षं, नोव्हेंबर २०२८ पर्यंत. आधी घेतलेलंही चालतं याचा अर्थच असा की विकून आलेले तेच पैसे त्या घरात जायला हवेत असं काही नाही, त्यामुळे कोणी "पैशाचा माग दाखवा" म्हणालं तर घाबरू नका. नवीन घर मात्र विकणाऱ्याच्या स्वतःच्या नावावर घ्या. काकांनी घर विकलं आणि नवीन घर थेट मुलाच्या एकट्याच्या नावावर केलं की भांडणाला आमंत्रण. फर्निचर, एसी, मॉड्युलर कपाटं हे नवीन घराच्या किमतीत येत नाही. आणि हो, नफा दोन कोटीच्या आत असेल तर आयुष्यात एकदाच दोन घरं घ्यायची सोय आहे, एक स्वतःला एक मुलीला जवळ, असं करायचं असेल तर तेव्हा वापरा.

दोन वर्षं आहेत म्हणून निवांत बसायचं नाही, कारण मध्ये एक तारीख येते ती रिटर्नची. काकांसाठी ती ३१ जुलै २०२६. तोपर्यंत नवीन घराला पैसे लागले नसतील तर जेवढी रक्कम सूट म्हणून दाखवायची आहे तेवढी सरकारने ठरवलेल्या बँकेत कॅपिटल गेन्स अकाउंट स्कीमच्या खात्यात टाकायची. साध्या सेव्हिंग किंवा एफडीमध्ये ठेवलेलं चालत नाही, खातं त्याच स्कीमचं पाहिजे, आणि बँकेत गेल्यावर काउंटरवरच्या माणसाला याची माहिती नसणं हे इतकं कॉमन आहे की मोठ्या शाखेत जा आणि जूनमध्येच जा, ३० जुलैला नको. खात्याचे दोन प्रकार असतात, ए म्हणजे सेव्हिंगसारखं, बी म्हणजे एफडीसारखं. बिल्डरला हप्त्याने पैसे द्यायचे असतील तर ए सोपं पडतं. काढलेले पैसे ६० दिवसांत घरासाठीच वापरायचे, उरले तर परत भरायचे. घर घेतल्यावर किंवा विचार बदलल्यावर खातं बंद करायला आयकर अधिकाऱ्याची परवानगी लागते, त्यामुळे पैसे टाकताना गरजेपेक्षा जास्त टाकू नका. काकांना २८ लाख १० हजार पुरे आहेत, ६३ लाख टाकून ठेवले तर ते सोडवायला वेळ जाईल. तीन वर्षांत जे वापरलं नाही त्यावर, ती तीन वर्षं संपतील त्या वर्षी टॅक्स लागतो.

घर घ्यायचंच नसेल, किंवा थोडा नफा उरत असेल, तर ५४ ईसी चे बाँड आहेत, आरईसी, पीएफसी, आयआरएफसी वगैरे. विक्रीपासून सहा महिन्यांत घ्यायचे, म्हणजे काकांना मे २०२६ च्या मध्यापर्यंत, जास्तीत जास्त ५० लाख, पाच वर्षं अडकतात आणि व्याजावर टॅक्स भरावाच लागतो. काकांनी २० लाखाचं घर घेतलं असतं तर इंडेक्स केलेल्या नफ्यातले ८ लाख ९ हजार उरतात, तेवढ्याचेच बाँड घेतले की विषय संपला.

आता कुठे फसतं ते. पहिलं म्हणजे रेडी रेकनर. व्यवहार ८२ लाखाचा असला तरी स्टॅम्प ड्युटीसाठीची किंमत त्याच्या ११० टक्क्यांपेक्षा जास्त असेल, म्हणजे इथे ९० लाख २० हजारांच्या वर, तर टॅक्ससाठी विक्री किंमत ती वरची धरतात. रेकनरने ८८ लाख येत असतील तर काही नाही, ८२ च धरा. ९२ येत असतील तर गणित ९२ पासून सुरू. जुन्या इमारतींच्या व्यवहारात हे हमखास होतं, म्हणून अ‍ॅग्रीमेंट करायच्या आधी त्या विभागाचा दर काढून बघा.

दुसरं, २००५ मध्ये बऱ्याच जणांनी काही रक्कम रोखीत दिली होती. काकांनी दिली असेल तर तीही मेहनतीचीच होती, मान्य, पण कागदावर नाही म्हणजे किमतीत नाही. अ‍ॅग्रीमेंट आणि बिलं बोलतात, आठवणी नाही. रिनोव्हेशनची बिलं नसतील तर निदान कॉन्ट्रॅक्टरला दिलेल्या चेकच्या बँक एंट्री शोधा. आणि रंगरंगोटी, गळती बंद करणं असल्या देखभालीला सुधारणा म्हणून धरू नका, त्यावर प्रश्न येतो. होम लोनचं व्याज ज्याची सूट दरवर्षी घेतलीय ते परत खरेदी किमतीत टाकणं तर २०२३ च्या बजेटनंतर बंदच झालंय.

तिसरं, वडिलोपार्जित घर. इथे किंमत वडिलांची आणि तारीखही वडिलांची. मुंबई हायकोर्टाने २०११ मध्ये मंजुळा शाह यांच्या केसमध्ये सांगितलं की इंडेक्सही आधीच्या मालकाने घेतलं त्या वर्षापासून लावायचा, वारसाला मिळालं त्या वर्षापासून नाही. घर २००१ च्या आधीचं असेल, समजा रत्नागिरीला १९८८ मध्ये घेतलेलं, तर १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत धरायची मुभा आहे. त्याला नोंदणीकृत व्हॅल्युअरचा रिपोर्ट काढा, आणि त्या तारखेची रेडी रेकनर किंमत उपलब्ध असेल तर त्याहून जास्त धरता येत नाही, त्यामुळे व्हॅल्युअरला "जरा वाढवून द्या" म्हणण्यात अर्थ नाही. इंडेक्स मग १०० पासून ३७६, म्हणजे सरळ पावणेचार पट.

आणि नवीन घर तीन वर्षांच्या आत विकायचं नाही. काकांनी बदलापूरचं घर दीड वर्षात विकलं तर ज्या नफ्यावर सूट घेतली तेवढी रक्कम त्या घराच्या खरेदी किमतीतून वजा होते, म्हणजे ३० लाखाचं घर कागदावर जवळजवळ फुकट घेतल्यासारखं दिसतं, आणि २४ महिने झालेले नसल्याने सगळा नफा शॉर्ट टर्म होऊन स्लॅबमध्ये जातो. मुलं म्हणाली "बाबा, तिकडे राहता तरी का, विकून इकडे या" तर त्यांना पहिल्या रजिस्ट्रेशनची तारीख दाखवा आणि तीन वर्षं मोजायला सांगा.